हातावरचे आणि पोटावरचे पॉइंट दाबून बद्धकोष्ठता जाते का?

प्रश्न : वय ४७. दोन वर्षांपासून पोट साफ होत नाही, आठवड्यातून दोन-तीनदाच शौचाला होते, तीही कुंथून. अंगठा आणि तर्जनीच्या मधला पॉइंट आणि नाभीच्या बाजूचे पॉइंट दाबा असं बऱ्याच जणांनी सांगितलं. नेमके कुठे, किती वेळ दाबायचे? याला खरंच काही पुरावा आहे का? सहा महिन्यांपासून हिमोग्लोबिनसाठी लोहाची गोळी चालू आहे, एवढंच.

उत्तर :

आधी थोडक्यात सांगते. पोटावर दाबणं आणि चोळणं करून बघण्यासारखं आहे, त्याच्या बाजूने थोडाफार पुरावा आहे. हातावरच्या पॉइंटचा पुरावा त्याहून खूपच पातळ आहे. तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ मात्र मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. तिच्याकडे शेवटी येते, तेवढं वाचल्याशिवाय थांबू नका.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ॲक्युप्रेशर नंतर शिकले. बद्धकोष्ठतेचे पेशंट गेली वीस-बावीस वर्षं बघते आहे.

पोटापासून सुरुवात करू. नाभीच्या दोन्ही बाजूंना जो पॉइंट सांगतात त्याचं चिनी नाव त्येनशू, आणि तक्त्यांमध्ये तो एसटी-२५ म्हणून दाखवतात. तो नाभीच्या रेषेतच, मधल्या रेषेपासून दोन 'त्सुन' बाहेर असतो. त्सुन हे ज्याच्या त्याच्या शरीराचं माप आहे. आपल्याच अंगठ्याची सांध्यापाशी जेवढी रुंदी, तेवढा एक त्सुन. पोटावर सोपं माप म्हणजे तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवून नाभीच्या कडेला आडवी ठेवायची. ती तीन बोटं जिथे संपतात तिथे हा पॉइंट येतो. माप तुमच्याच बोटांचं घ्यायचं, दाबणाऱ्याच्या बोटांचं नाही. नवरा बायकोचं पोट दाबून देत असेल तर ही चूक हमखास होते.

दाबताना पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पावलं गादीवर टेका. पाय सरळ ठेवले तर पोटाचा स्नायू ताणलेला राहतो आणि बोटं नुसती त्याच्यावर आपटत राहतात. आधी लघवी करून या. जेवून निदान दीड-दोन तास झालेले असावेत. आता दोन्ही हातांची मधली तीन बोटं दोन बाजूंच्या पॉइंटवर ठेवा, नखं नव्हेत, बोटांचे गुबगुबीत भाग. श्वास सोडताना बोटं आपसूक आत जाऊ द्या, साधारण दीड-दोन सेंटीमीटर. पाच-सहा सेकंद थांबा आणि श्वास घेताना सैल सोडा. असं दहा-बारा वेळा. दुखेपर्यंत दाबायचं नाही. किती दाब योग्य ते पोटच सांगतं. दाबल्यावर पोट कडक होऊन बोटांना उलट ढकलायला लागलं की दाब जास्त झाला. खोलवर एक बोथट, जड अशी जाणीव झाली की पुरे.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, कारण तक्ता बघून उलटाच समज होतो. या पॉइंटच्या खाली मोठं आतडं असेलच असं नाही. तिथे पोटाचा उभा स्नायू असतो आणि त्याच्या मागे बहुधा लहान आतड्याची वेटोळी. मोठ्या आतड्याचा उतरता भाग डावीकडे आणखी बाहेर, पोटाच्या कडेला असतो. म्हणजे तिथे दाबून आपण 'अडकलेला मळ पुढे ढकलतो' हे खरं नाही. म्हणूनच मी दाबण्यावर न थांबता मोठ्या आतड्याच्या वाटेने चोळायला सांगते.

ती वाट अशी. उजव्या कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला सुरुवात करा, वर बरगड्यांपर्यंत या, बरगड्यांच्या खालून आडवं डावीकडे जा, मग डाव्या बाजूने खाली डाव्या कमरेच्या हाडापर्यंत. तळहात सपाट ठेवून, थोडं तेल लावून, सावकाश, आठ-दहा मिनिटं. याला 'घड्याळाच्या काट्याप्रमाणे' म्हणतात खरं, पण झोपलेल्या माणसाच्या डोक्यात काटे कुणाच्या बाजूने फिरतात याचा गोंधळ होतो आणि बरेच जण महिनोन् महिने उलटं चोळत राहतात. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा : उजवीकडून वर, डावीकडून खाली.

वेळ सकाळची घ्या. झोपेतून उठल्यावर आणि न्याहारी झाल्यावर मोठं आतडं आपणहून जोरात हालचाल करतं. म्हणून उठल्यावर चोळायचं, मग काहीतरी खायचं आणि त्यानंतर वीस-तीस मिनिटांत कळ आली नसली तरी शौचाला बसायचं. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा.

आता हात. अंगठा आणि तर्जनीमधला तो प्रसिद्ध पॉइंट म्हणजे हेगू, एलआय-४. पेशंटला दाखवायला सांगितलं की बहुतेक जण तिथली मऊ कातडी चिमटीत धरतात. पॉइंट त्या कातडीत नाही. तर्जनीच्या मुळापासून मनगटाकडे जे लांब हाड जातं त्याच्या मध्यावर, अंगठ्याकडच्या बाजूला तो असतो. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्या हाडाकडे, म्हणजे तर्जनीच्या दिशेने दाबायचं. दोन्ही हातांवर एक-एक मिनिट पुष्कळ झालं. दुसरा पॉइंट फारसा कुणी सांगत नाही, पण पारंपरिक पद्धतीत बद्धकोष्ठतेसाठी तोच जास्त मानलेला आहे. त्याचं नाव झिगौ, म्हणजे टीई-६. मनगट मागे वाकवलं की हाताच्या पाठीकडे आडवी घडी पडते. त्या घडीपासून कोपराकडे चार बोटं आडवी ठेवा. चौथ्या बोटाच्या वरच्या कडेला, हाताच्या दोन हाडांच्या मधल्या खाचेत हा पॉइंट येतो. तिथेही एखादं मिनिट.

काटेरी रोलर, अंगठ्या, लाकडी खुंट्या यांची गरज नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर असल्या वस्तूंनी काळेनिळे डाग पडतात, ते मी पाहिले आहेत.

आता पुराव्याचं बोलू, कारण तुम्ही तेच मुद्दाम विचारलंत.

या पॉइंटच्या बाजूने सगळ्यात वजनदार म्हणून जो अभ्यास पुढे केला जातो तो चीनमधला आहे, २०१६ साली छापून आलेला. १५ रुग्णालयं, तीव्र बद्धकोष्ठतेचे १०७५ रुग्ण. निम्म्यांना एसटी-२५, पोटावरचाच आणखी एक आणि पायावरचा एक अशा पॉइंटवर सुया टोचून त्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडला. आठ आठवड्यांत अशा २८ बैठका. उरलेल्यांना भलत्याच जागी, वरवर सुया टोचल्या आणि वीजप्रवाह दिलाच नाही. मोजलं काय, तर आठवड्यातून किती वेळा औषधाशिवाय आपणहून शौचाला झाली आणि 'पूर्ण साफ झालं' असं वाटलं. खऱ्या उपचाराच्या गटात साधारण ३१ टक्के लोकांना आठवड्याला तीन किंवा जास्त वेळा असं झालं, खोट्या उपचाराच्या गटात साधारण १२ टक्के लोकांना. फरक खरा आहे, आणि उपचार थांबल्यावर पुढचे बारा आठवडेही तो टिकला.

पण हा अभ्यास दाखवून कुणी 'म्हणून बोटाने दाबा' म्हणत असेल तर ते मला पटत नाही. तिथे लांब सुई पोटाच्या स्नायूच्या थरापर्यंत खोल गेली होती, वीज होती, आणि प्रशिक्षित माणसाने अर्धा-अर्धा तास उपचार केला होता. तुमचं बोट कातडीवर आहे. जागा एकच असली तरी उपचार वेगळा आहे. शिवाय इतकं सगळं करूनही उपचार घेतलेल्या दहातल्या जवळपास सात जणांना ते माप गाठता आलं नाही, आणि खोट्या सुयांनीही दर आठातल्या एकाला फायदा झाला. घरी दाबून बरं वाटलेल्या माणसाच्या अनुभवात हा दुसरा भागही मिसळलेला असतो. तुम्ही त्याला मनाचे खेळ म्हणाल, पण आतडं आणि मेंदू सतत एकमेकांशी बोलत असतात, त्यामुळे निवांत पडून पोटावर हात ठेवल्याने जे होतं तेही शरीरातच घडतं. फक्त त्याचं श्रेय पॉइंटला द्यायचं कारण नाही.

बोटांच्या दाबाचा एक चांगला अभ्यास अमेरिकेतला आहे, २०१५ चा, १०० रुग्णांवर. त्यांना गुदद्वाराच्या पुढची जागा स्वतः कशी दाबायची ते काही मिनिटांत शिकवलं. चार आठवड्यांनी दाबणाऱ्या गटातल्या ७२ टक्के लोकांनी मळ सुटायला, मऊ व्हायला किंवा बाहेर पडायला मदत झाली असं सांगितलं. जागा ना हातावरची ना पोटावरची, आणि दुसऱ्या गटाला खोटा दाब नव्हता, फक्त नेहमीचा सल्ला होता. तरीही 'बोटाने दाबून काही होऊ शकतं का' याला तो थोडा आधार देतो.

पोट चोळण्यावर स्वीडनमध्ये ६० जणांवर आठ आठवड्यांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये छापला गेला. पोटाच्या तक्रारी कमी झाल्या, शौचाला जाण्याचं प्रमाण वाढलं, पण रेचक औषधं कमी झाली नाहीत. चोळणं औषधाच्या जोडीला चालतं, औषधाच्या जागी नाही, असा माझा त्यावरचा अर्थ. ब्रिटनमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या सुमारे १९० रुग्णांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात मुख्य मोजमापात फरक पडला नाही, शौचाची संख्या थोडी वाढली एवढंच.

हातावरच्या पॉइंटचं काय? अभ्यासांमध्ये ते बहुतेक वेळा पोटाच्या आणि पायाच्या पॉइंटबरोबर एकत्र दाबले जातात, त्यामुळे फायदा झाला तरी तो हातामुळे झाला की पोटामुळे हे वेगळं काढता येत नाही. गट लहान असतात, आणि आपल्याला नेमकं काय दाबतायत हे रुग्णाला कळत असतं. तळहाताच्या नकाशावर 'मोठ्या आतड्याची जागा' दाखवणारी पद्धत तर याहूनही कमी तपासलेली आहे. म्हणून मी हात दाबू नका असं म्हणत नाही, पण सकाळी वीसच मिनिटं हातात असतील तर ती पोटाला द्या.

हे सगळं एका पेशंटवर कसं दिसलं ते सांगते. ५४ वर्षांच्या एक ताई, बैठं काम, आठवड्यातून दोनदा शौच, बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे. त्या तीन महिने फक्त हेगू दाबत होत्या, इतका की तिथे गाठ आल्यासारखं दुखायला लागलं होतं. मी त्यांना आधी दोन आठवडे काहीच न करता नुसती वही लिहायला सांगितली. चारच रकाने : शौच झाली का, मळ कसा होता, किती वेळ बसावं लागलं, आणि पूर्ण साफ झाल्यासारखं वाटलं का. त्या दोन आठवड्यांत दर आठवड्याला दोनदा झाली, आणि 'पूर्ण साफ' दोन आठवड्यांत मिळून एकदा.

मग वर सांगितलं ते सगळं सुरू केलं, पोट आणि हात दोन्ही. पुढच्या चार आठवड्यांचे आकडे तीन, चार, चार, पाच असे आले. मळ खड्यांऐवजी एकसंध, वरून भेगा असलेला व्हायला लागला. त्या खूश होत्या, मीही. पण शेवटचा रकाना वाचला तेव्हा मी थांबले. 'पूर्ण साफ' चार आठवड्यांत एक, एक, शून्य, एक. बसायचा वेळ अजूनही पस्तीस मिनिटं. मळ मऊ झाला, खालपर्यंत येऊ लागला, आणि तरी बाहेर पडत नव्हता.

मी त्यांना सरळ विचारलं, बोटाने मदत करावी लागते का? बराच वेळ गप्प बसून त्या म्हणाल्या, "हो, दोन-तीन वर्षं झाली. हे कुणाला सांगणार?" मी त्यांना खुर्चीत बसवून शौचाला बसल्यावर करता तसा जोर करून दाखवा म्हटलं. त्यांनी श्वास रोखला, पोट आत ओढलं आणि बसल्या जागी सगळं आवळून घेतलं. जोर लावताना खालचे स्नायू सैल व्हायला हवेत, त्यांचे उलट घट्ट होत होते. दार लावून घेऊन आतून ढकलल्यासारखं. याला ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचा विसंवाद म्हणतात, आणि जगातला कुठलाही पॉइंट दाबून तो सुटत नाही.

त्यांना मी पोटाच्या विकारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे फुग्याची चाचणी झाली. गुदाशयात छोटा फुगा घालून त्यात ५० मिलिलिटर पाणी भरतात आणि तो बाहेर टाकायला सांगतात, साधारण मिनिटाभरात टाकता यायला हवा. त्यांना तो टाकताच आला नाही. मग बायोफीडबॅकच्या सहा बैठका झाल्या, त्यात पडद्यावर स्वतःच्या स्नायूंचा दाब बघत सैल सोडायला शिकवतात. तीन महिन्यांनी वहीत आठवड्याला पाच वेळा, त्यांतल्या चार वेळा 'पूर्ण साफ', आणि बसायचा वेळ दहा मिनिटांच्या आत. त्यानंतर मी त्यांना दोन आठवडे हाताचे पॉइंट बंद करायला सांगितले, पोटाचं चालू ठेवून. आकडे हलले नाहीत. एका बाईवरून नियम काढता येत नाही हे मान्य, पण त्यांनी हात दाबणं सोडलं आणि अंगठ्यापाशी दुखायचंही थांबलं.

तुम्हीही हीच वही ठेवा. आधी दोन आठवडे नुसती नोंद, मग चार आठवडे रोज पोटाचं. संख्या वाढली आणि 'पूर्ण साफ'ही वाढलं तर चालू ठेवा. संख्या वाढली पण साफ वाटत नसेल, बोटाने मदत लागत असेल, तर त्या ताईंची वाट धरा. काहीच हललं नाही तर आणखी जोरात, आणखी वेळ दाबत बसू नका. पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखं साधं औषध किंवा इसबगोल यांचा पुरावा कुठल्याही पॉइंटपेक्षा पक्का आहे, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. डॉक्टरांना विचारून घ्या.

पोटावरचं काहीच करू नये अशी माणसं म्हणजे गरोदर स्त्रिया, नुकतं पोटाचं ऑपरेशन झालेले, हर्निया असलेले, आतड्याला सूज किंवा जखमा असलेले, आणि ज्यांच्या पोटातली मुख्य धमनी फुगलेली आहे असं सांगितलेलं आहे ते. गरोदरपणात हेगूही परंपरेने वर्ज्य मानतात, मी तो दाबू देत नाही. आणि पोट फुगून वारासुद्धा सरत नसेल, उलट्या होत असतील, तर ती बद्धकोष्ठता समजून पोट दाबू नका. आतडं अडकलेलं असू शकतं, लगेच रुग्णालय गाठा.

आता ती शेवटची ओळ. लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठता होते आणि मळ काळसर होतो, हे अगदी नेहमीचं. तुमचा त्रास दोन वर्षांचा आहे, गोळी सहा महिन्यांची. म्हणजे गोळीने तो वाढवला असेल, सुरू केलेला नाही. त्या सहा महिन्यांत त्रास वाढलाय का ते आठवून बघा. वाढला असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका, एक दिवसाआड घेतली तर चालेल का किंवा प्रकार बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारा. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह दर वेळी जास्त प्रमाणात शोषलं जातं आणि पोटाला त्रास कमी होतो.

पण त्याहून आधीचा प्रश्न असा, की हिमोग्लोबिन कमी का झालं? लोह कमी आहे हे रक्त तपासून कळलं का, आणि ते कुठून जातंय ते कुणी शोधलं का? पाळी चालू असेल आणि रक्तस्राव जास्त असेल तर कारण तिथे असू शकतं. नसेल, किंवा तुम्ही पुरुष असाल, तर सत्तेचाळीसाव्या वर्षी शौचाची सवय बदलणं आणि लोह कमी होणं या दोन गोष्टी एकत्र दिसल्यावर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी व्हायलाच हवी. मोठ्या आतड्यातली गाठ अगदी याच पद्धतीने, थेंब-थेंब रक्त जाऊन, डोळ्यांना न दिसता सुरू होते. वजन घटलं असेल किंवा मळात रक्त दिसलं असेल तर एक दिवसही थांबू नका. तसं काही नसलं तरी याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या, आणि दोन्ही तक्रारी एकाच भेटीत, एकाच डॉक्टरांना सांगा. वही तोपर्यंत सुरू करा, पोट दाबायला तपासणी झाल्यावर सुरुवात करा.